पैसे कापण्याआधी येणारा तो एसएमएस : गप्प राहिलं तर पैसे जातात की थांबतात?

कुळागर_पेडणे

मोरजीतल्या एका होमस्टेचं प्रकरण समोर आलं आहे. खोल्यांचं बुकिंग सांभाळणारं एक सॉफ्टवेअर ते वापरतात आणि वर्षाची वर्गणी कार्डावरून आपोआप जाते. गेल्या वर्षी महिना ₹९९९ प्रमाणे बारा महिन्यांचे ₹११,९८८ आणि वर १८ टक्के जीएसटी, असे ₹१४,१४५.८४ गेले. आदल्या दिवशी बँकेचा एसएमएस आला होता. मालकांनी तो वाचला, काही केलं नाही, पैसे गेले, काम झालं.

यंदा दर महिना ₹१,१९९ झाला. ३ ऑक्टोबरला पैसे जाणार म्हणून १ तारखेच्या संध्याकाळी एसएमएस आला. मालकांनी गेल्या वर्षीसारखाच वाचून सोडून दिला. खात्यात पैसे होते, कार्ड चालू आहे, तरी पैसे गेले नाहीत. ५ तारखेला सॉफ्टवेअरनं खोल्यांचं कॅलेंडर बंद केलं, ऐन सीझनच्या तोंडावर.

प्रश्न दोन आहेत. या सूचनेला उत्तर द्यायचं असतं की नसतं? आणि मुळात ही सूचना कशासाठी, जर गप्प राहिल्यावर एकदा पैसे जातात आणि एकदा जात नाहीत?

---

म्हापशेकर

सोपं आहे. आता नियमच असा आहे की ग्राहकानं होकार दिल्याशिवाय पैसे कापता येत नाहीत. सूचना आली की त्यातल्या लिंकवर जाऊन मंजुरी द्यायची, नाही दिली तर व्यवहार रद्द. गेल्या वर्षी कदाचित नियम नवीन असल्यामुळे चालून गेलं असेल.

---

हिशेबनीस

म्हापशेकरबाब, हे अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यात लोकांचे पैसे जातात, म्हणून स्पष्ट लिहितो.

होकार एकदाच द्यायचा असतो, तो मँडेट म्हणजे आपोआप पैसे कापण्याची परवानगी नोंदवताना, ओटीपी टाकून. त्यानंतर दर वेळी येणारी सूचना ही नकाराची संधी असते, होकाराची मागणी नसते. तुम्ही गप्प राहिलात की पैसे जाणार, हाच सर्वसाधारण क्रम. ‘मी काही दाबलं नाही, मग पैसे कसे गेले?’ अशी तक्रार घेऊन लोक बँकेत जातात आणि हात हलवत परत येतात.

होमस्टेच्या बाबतीत उलटं झालं त्याचं कारण रक्कम. आपोआप जाणाऱ्या व्यवहाराला दर वेळी ओटीपी नको, ही सवलत ₹१५,००० पर्यंतच आहे. ऑगस्ट २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या परिपत्रकात मर्यादा ₹२,००० होती, जानेवारी २०२१ पासून ₹५,००० झाली, जून २०२२ मध्ये ₹१५,०००. आता हिशेब करा. १,१९९ गुणिले १२ म्हणजे १४,३८८, त्यावर १८ टक्के २,५८९.८४, एकूण ₹१६,९७७.८४. गेल्या वर्षीचा आकडा मर्यादेच्या आत होता, यंदाचा जीएसटीमुळे बाहेर गेला. नुसती वर्गणी पाहिली तर तीही ₹१५,००० च्या आतच दिसते, म्हणून मालकांच्या लक्षात आलं नसावं.

मर्यादेच्या वर गेलं की त्या एका व्यवहारापुरता ओटीपी पुन्हा लागतो. त्यामुळे यंदाच्या एसएमएसमध्ये बहुतेक मंजुरीची लिंक असणार. मजकूर पाहिल्याशिवाय मात्र खात्रीनं सांगणार नाही.

---

प्रज्ञा_फोंडा

हिशेबनीसांचं पटतं, पण मग एक अडतंय. आमच्याकडे विम्याचा ₹३२,००० चा हप्ता दरवर्षी आपोआप जातो. सूचना येते, ओटीपी कधीच मागत नाही. ही रक्कम तर ₹१५,००० च्या दुप्पट आहे.

---

हिशेबनीस

ताई, विमा हा अपवादात बसतो. १२ डिसेंबर २०२३ पासून तीन गोष्टींसाठी मर्यादा ₹१ लाख आहे : विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची गुंतवणूक आणि क्रेडिट कार्डाचं बिल. सॉफ्टवेअर, जिम, शिकवणी, वर्तमानपत्र या सगळ्यांना ₹१५,०००. मात्र सूचना दोन्हीकडे तेवढीच बंधनकारक आहे. ओटीपी माफ झाला, सूचना माफ झालेली नाही.

---

सत्तरीवाला

माझा मोटारसायकलच्या कर्जाचा हप्ता ५ तारखेला जातो. मला असा एसएमएस येतो तो फायनान्स कंपनीचा, बँकेचा नाही. आणि त्यात ‘रद्द करा’ असं काही नसतं. म्हणजे माझी बँक नियम मोडते आहे का?

---

हिशेबनीस

नाही. तुमचा हप्ता नॅचवर असणार, म्हणजे थेट खात्यावरचा मँडेट. आपण इथं बोलतोय ती चौकट कार्ड, वॉलेट आणि यूपीआय ऑटोपे यांची आहे. नॅचचे नियम वेगळे. तिथं खात्यात पैसे नसले तर बँक परतीचा दंड लावते, फायनान्स कंपनी वर आपला लावते. कर्जाचा हप्ता थांबवणं हा वेगळाच विषय आहे, या धाग्यातलं वाचून तिथं काही करू नका.

---

कुळागर_पेडणे

एसएमएस मिळाला. इंग्रजीत आहे, मराठीत सांगतो. सॉफ्टवेअर कंपनीचं नाव (पण पाटीवरचं नाही, प्रायव्हेट लिमिटेडवालं दुसरंच), रक्कम ₹१६,९७७.८४, तारीख ३ ऑक्टोबर, मँडेटचा क्रमांक, कारण म्हणून ‘सबस्क्रिप्शन’. शेवटी ‘पुढे जाण्यासाठी इथं मंजुरी द्या’ आणि लिंक. गेल्या वर्षीच्या एसएमएसात त्या जागी ‘रद्द करायचं असल्यास इथं जा’ असं होतं. बाकी मजकूर शब्दशः तोच. मालकांनी पहिली ओळ पाहिली आणि ओळखीचा वाटला म्हणून पुढे गेले.

---

हिशेबनीस

मग झालं स्पष्ट. दोन वर्षांचे एसएमएस शेजारी ठेवले तर फरक फक्त शेवटच्या वाक्यात, आणि त्या एका वाक्यानं गप्प राहण्याचा अर्थ उलटा होतो. बँकांनी हे वाक्य सुरुवातीला आणलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही जी पाच माहितीची ठिकाणं वाचलीत (कोण, किती, कधी, कोणत्या मँडेटवर, कशासाठी) ती नियमातच सांगितलेली आहेत आणि सूचना किमान २४ तास आधी जायला हवी. नाव वेगळं दिसण्याची गोष्ट नेहमीची. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि कंपनीच्या नोंदणीत दुसरं. अनोळखी नाव दिसलं म्हणून घाबरून रद्द करू नका आणि अनोळखी म्हणून दुर्लक्षही करू नका. मँडेटचा क्रमांक बँकेच्या ॲपमधल्या यादीशी जुळवा, तिथं नोंदणीची तारीख दिसली की बहुतेक आठवतं.

अजून एक तपासून घ्या. त्याच यादीत मँडेटची कमाल रक्कम लिहिलेली असते. ती ₹१६,९७७.८४ पेक्षा कमी असेल तर ओटीपी देऊनही उपयोग नाही, मँडेट बदलून घ्यावा लागेल आणि त्यालाही ओटीपी लागेल.

---

कुळागर_पेडणे

पाहिलं. कमाल रक्कम ₹२०,००० आहे. म्हणजे ती भिंत नव्हती.

---

मांडवीकाठ

वसुलीच्या बाजूनं लिहितो. पणजीत जिम आणि नृत्यवर्ग अशांची मासिक फी यूपीआय ऑटोपेवर घेण्याची व्यवस्था लावून देणं हे माझं काम आहे.

‘कमाल रक्कम’ या शब्दानं जितका घोळ होतो तितका दुसऱ्या कशानं होत नाही. फी ₹१,२०० असते, पण पुढे दर वाढला तर नवीन मँडेट नको म्हणून दुकानदार कमाल ₹५,००० टाकतो. ग्राहक ॲप उघडतो, त्याला ₹५,००० दिसतात आणि तो मँडेटच मारून टाकतो. कमाल म्हणजे छत, कापली जाणारी रक्कम नव्हे. खरी रक्कम सूचनेत येते. सूचनेत ₹१,२०० असेल तर ₹१,२००च जातील. उलट फी ₹१,२०० ठरलेली असताना सूचनेत ₹१,८०० दिसले, तर छताच्या आत असूनही ते पैसे निघून जातील. तेव्हा अडवायचं ते सूचना आल्यावरच.

सूचना कशासाठी, याचं उत्तर मला यातच दिसतं. ठरलेली रक्कम असती तर पहिल्या दिवशीची सही पुरली असती. पण रक्कम बदलते, ग्राहकाचं मन बदलतं, आणि वसुलीची सुरुवात पैसे घेणाऱ्याच्या हातात असते. म्हणून पैसे देणाऱ्याला प्रत्येक वेळी एक दार उघडं ठेवावं लागतं.

---

कुळागर_पेडणे

आणि हे दार आधी नव्हतं का? म्हणजे २०१९ च्या आधी?

---

मांडवीकाठ

कार्डाचा क्रमांक कंपनीकडे साठवलेला असायचा आणि ती ठरवेल तेव्हा ओढायची. कळायचं ते पैसे गेल्यावर. थांबवायचं तर कंपनीच्याच संकेतस्थळावर ‘रद्द’ बटण शोधायचं. फार तर बँकेला सांगून कार्ड बंद करायचं, आणि मग त्या कार्डावरचं बाकी सगळंही बंद. नव्या नियमानं थांबवायची किल्ली कंपनीकडून काढून कार्ड देणाऱ्या बँकेकडे दिली. अंमलाची मुदत पुढे ढकलत शेवटी १ ऑक्टोबर २०२१ आली आणि त्या महिन्यात असंख्य वर्गण्या अडकल्या, कारण जुन्या परवानग्या नव्या चौकटीत नोंदवलेल्याच नव्हत्या.

---

म्हापशेकर

चूक मान्य, ‘गप्प म्हणजे रद्द’ हे मी उलटं धरून बसलो होतो. पण मग रद्द करतानाही ओटीपी का मागतात? पैसे द्यायला कुलूप समजू शकतो, न द्यायला कुलूप कशाला?

---

हिशेबनीस

कारण तुमच्या विम्याचा किंवा सर्व्हरचा मँडेट तिसऱ्यानंच बंद केला तर नुकसान तुमचंच. म्हणून नोंदणी, बदल आणि नकार या तिन्हींना दुसरा पुरावा लागतो. पटण्यासारखं आहे, पण एक वाईट परिणाम होतो. ‘उद्या तुमचे ₹४,९९९ कापले जातील, थांबवण्यासाठी इथं दाबा’ असा खोटा एसएमएस पाठवणाऱ्याला ओटीपी मागायला आयतं निमित्त मिळतं, कारण खऱ्या प्रक्रियेतही ओटीपी असतो.

---

प्रज्ञा_फोंडा

मग ओळखायचं कसं? शिकलेली माणसंही घाईत लिंक दाबतात, ‘उद्या कापणार’ म्हटल्यावर जीव घाबरा होतोच.

---

हिशेबनीस

मी सांगतो ते असं. लिंक दाबूच नका, खरी असली तरी. बँकेचं ॲप स्वतः उघडा आणि कार्डाच्या भागात ‘ई-मँडेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ शोधा. यूपीआयचं असेल तर ज्या ॲपमधून मँडेट नोंदवला त्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’. एसएमएसमध्ये सांगितलेला क्रमांक तिथं नसेल तर तो एसएमएस खोटा समजा.

दुसरं, ओटीपीचा मजकूर पूर्ण वाचा. खऱ्या रद्दीकरणाच्या ओटीपीत मँडेट रद्द करण्यासाठी असं लिहिलेलं असतं. त्याऐवजी रक्कम आणि कुणाचं तरी नाव आलं, तर समोरचा तुमच्या कार्डावर खरेदी करतोय.

तिसरं, पाठवणाऱ्याचं नाव. २०२५ पासून व्यावसायिक एसएमएसच्या नावामागे एक अक्षर लागतं : बँकेच्या सूचनेला T किंवा S, जाहिरातीला P. दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून असा एसएमएस आला तर तो बँकेचा नाहीच.

---

तारवाचो

गोव्यात आणखी एक अडचण आहे, तिचा उल्लेख इथं झाला नाही. घराघरात कोणी ना कोणी तारवार आहे. माणूस आठ-नऊ महिने बोटीवर, बँकेत नोंदवलेलं सिम घरच्या कपाटात किंवा रिचार्ज संपून बंद. सूचना त्या सिमवर जाते. बँकेच्या लेखी ती पाठवली, म्हणजे काम झालं. वाचली गेली की नाही हे कोण बघतं? ₹१५,००० च्या आतले सगळे व्यवहार बिनबोभाट होत राहतात. आणि वरचा एखादा असला की ओटीपी मिळत नाही म्हणून अडकतो.

---

मांडवीकाठ

ही खरी त्रुटी आहे. नियमात सूचना कशावर हवी, एसएमएस की ईमेल, हे निवडण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे आणि ती निवड नंतर बदलताही येते. पण नोंदणी करताना कोणी विचारत नाही, आपोआप एसएमएस धरला जातो. तारवटी मंडळींनी बोटीवर जाण्याआधी बँकेत ईमेल नोंदवून घ्यावा आणि सूचना ईमेलवर मागावी. सिमही चालू ठेवा, आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. बंदरावर नेटवर्क मिळालं की निदान ओटीपी तरी येईल.

घरच्यांनी काय करू नये हेही सांगतो : ओटीपी व्हॉट्सॲपवर कळवून बायकोनं मंजुरी देणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. पुढे वाद झाला तर ‘ओटीपी दुसऱ्याला दिला’ एवढ्या एका कारणावर बँक हात वर करते.

---

सत्तरीवाला

फास्टॅगचं काय? बेळगावला जाताना दोन वेळा आपोआप रिचार्ज झाला, सूचना एकदाही आधी आली नाही.

---

हिशेबनीस

तिथं आधी येणारच नाही. शिल्लक ठरावीक आकड्याखाली गेली की रिचार्ज होतो. तो क्षण कधी येईल हे तुमची गाडी ठरवते. चोवीस तास आधी सांगायचं तर गाडी टोलनाक्यावर उभी ठेवावी लागेल. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये फास्टॅग आणि मेट्रोत चालणारं कॉमन मोबिलिटी कार्ड यांच्या आपोआप भरण्याला पूर्वसूचनेतून सूट दिली.

---

प्रज्ञा_फोंडा

मला २४ तास हेच कमी वाटतात. चवथीच्या आठवड्यात खात्यात खडखडाट असतो, आणि आदल्या दिवशी कळतं की उद्या ₹१२,००० जाणार. वर्षातून एकदा येणाऱ्या रकमेला निदान आठवडाभर आधी कळायला हवं. महिन्याच्या ₹१९९ ला एक दिवस पुरे.

---

मांडवीकाठ

ताई, २४ तास हे किमान आहे, जास्त दिवस आधी पाठवायला मनाई नाही. पण पाठवणारे किमानालाच धरून बसतात. माझ्या ग्राहकांना मी वार्षिक फीची आठवण त्यांच्या बाजूनं सात दिवस आधी पाठवायला लावतो, बँकेची सूचना वेगळी जाते. फायदा त्यांनाच होतो, व्यवहार फसत नाहीत.

यूपीआयवर पैसे कमी पडले तर लगेच सगळं संपत नाही. ऑगस्ट २०२५ पासून एक मूळ प्रयत्न आणि जास्तीत जास्त तीन फेरप्रयत्न, तेही गर्दीच्या वेळा टाळून. म्हणजे सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५ आणि रात्री साडेनऊनंतर. सकाळी खातं रिकामं असलं आणि दुपारी पैसे भरले, तर जाऊ शकतात. ‘सकाळी फसलं म्हणजे सुटलो’ असं समजू नका.

---

हिशेबनीस

सात दिवस सक्तीचे करावेत याच्याशी मी सहमत नाही. लोक आठ दिवसांपूर्वीची सूचना विसरतात. मला वार्षिक रकमांना दोन सूचना हव्यात, एक आठवड्याआधी, एक आदल्या दिवशी.

---

म्हापशेकर

दोन सूचना म्हणजे दुप्पट एसएमएस. ₹५९ च्या वर्गणीलाही एसएमएस येतोच, त्यात महत्त्वाचा हरवतो. होमस्टेवाल्यांचं हेच झालं ना?

---

हिशेबनीस

वार्षिकबद्दलच बोलतोय मी. पण मुद्दा योग्य आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

तारवाचो

आणि नकार देऊनही पैसे गेले तर?

---

हिशेबनीस

आधी पहा की नकार कशाला दिला होता. ‘हा व्यवहार’ आणि ‘पूर्ण मँडेट’ असे दोन पर्याय असतात. फक्त या महिन्याचा थांबवला असेल तर पुढचा महिना ठरल्याप्रमाणे जाणार. तसंच फोनमधून सॉफ्टवेअरचं ॲप काढून टाकलं म्हणजे मँडेट गेला असं होत नाही. उलट बँकेत मँडेट रद्द केला तरी कंपनीबरोबरचा करार तसाच राहतो, ती थकबाकी मागू शकते. दोन्हीकडे बंद करा.

बँकेत नीट रद्द केलं असेल तर तसा खात्रीचा एसएमएस येतो. तो जपून ठेवा, पुरावा तोच. तरी पैसे गेले तर तीन कामाच्या दिवसांत बँकेला लेखी कळवा. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारे नियम इथंही लागू आहेत, आणि लवकर कळवलं की बाजू भक्कम होते. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते, शुल्क नाही.

---

कुळागर_पेडणे

मूळ प्रकरणावर शेवटचं विचारतो. होमस्टेचं कॅलेंडर अजून बंद आहे. आता त्या जुन्या लिंकवर जाऊन मंजुरी द्यायची का?

---

मांडवीकाठ

नको. ३ तारखेचा व्यवहार फसला, त्या लिंकचा आता उपयोग नाही. कंपनीनं नव्यानं मागणी पाठवली तर नवी सूचना येईल, म्हणजे पुन्हा किमान एक दिवस गेला. खोल्या आज विकायच्या असतील तर कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिन करून थकीत बिल हातानं भरा, कॅलेंडर लगेच सुरू होईल. फक्त त्यानंतर दोन-तीन दिवस एसएमएसवर डोळा ठेवा. काही कंपन्यांची फेरप्रयत्नाची मागणी आधीच निघालेली असते आणि त्याच रकमेची सूचना पुन्हा येते. ती आली तर मंजुरी देऊ नका. ₹१५,००० च्या वर आहे, त्यामुळे इथं गप्प राहिलात तरी पैसे जाणार नाहीत.

आणि कंपनीला विचारा की बिल सहा महिन्यांचं करता येतं का. ₹१,१९९ गुणिले ६, जीएसटीसह ₹८,४८८.९२ होतात. मर्यादेच्या आत.

---

कुळागर_पेडणे

मालकांनी बिल हातानं भरलं, कॅलेंडर दुपारी सुरू झालं. सहा महिन्यांच्या बिलाबद्दल कंपनीला मेल टाकला आहे, उत्तर आलं की इथं लिहितो.